पगारवाढीच्या कराराचा सुपरवायझरसाठी गोषवारा: आधी तारीख, मग माणूस, शेवटी रुपये

करारावर सह्या झाल्या की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीलाच सुपरवायझरभोवती घोळका जमतो. "साहेब, फरक किती? कधी जमा होणार?" सुपरवायझरच्या हातात ऑफिसने दिलेला एक कागद असतो. त्यावर बहुतेक वेळा एवढंच असतं: दरमहा ६,००० रुपये वाढ, १ एप्रिल २०२४ पासून लागू, मुदत तीन वर्षं. यातला एकही शब्द खोटा नाही, पण त्यावरून दिलेलं जवळजवळ प्रत्येक उत्तर चुकतं.

चूक आकड्यात नसते, क्रमात असते. गोषवारा करणारा आधी रुपये उतरवून काढतो आणि तारखा व पात्रता शेवटी दोन ओळींत उरकतो. करारातला प्रत्येक रुपया मात्र कोणाला तरी, कोणत्या तरी तारखेपासूनच मिळतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

उदाहरणासाठी लोटे परशुराम एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना धरू. कारखाना आणि आकडे काल्पनिक आहेत. कलमांची घडण मात्र कोकणपट्टीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल.

## टप्पा १: कागद गोळा करा

लिहायला बसण्याआधी चार गोष्टी टेबलावर हव्यात.

१. सही झालेली प्रत, सगळ्या परिशिष्टांसह. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मसुदा नको. शेवटच्या बैठकीत शिफ्ट भत्ता पाच-दहा रुपयांनी इकडचा तिकडे झालेला असतो, आणि तो बदल पेनाने खोडून, बाजूला आद्याक्षरं करून नोंदलेला असतो. असं प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला.

२. मागचा करार. नव्या करारात कुठे तरी "इतर सेवाशर्ती पूर्वीप्रमाणे चालू राहतील" हे वाक्य असतंच. पूर्वीप्रमाणे म्हणजे काय, ते मागच्या करारातच सापडतं.

३. प्रत्येक ग्रेडची एक जुनी पगार स्लिप. करारात "वाहतूक भत्ता" लिहिलेलं असतं, स्लिपवर "कन्व्हेयन्स". सुपरवायझरच्या कागदावर स्लिपवरचंच नाव यायला हवं, कारण कामगार स्लिप घेऊनच समोर उभा राहतो.

४. लागू तारखेपासून सहीच्या तारखेपर्यंत मस्टरमध्ये झालेले बदल. कोण कायम झाला, कोण निवृत्त झाला, कोणी राजीनामा दिला, कोणाला बढती मिळाली, कोण वारला, कोण निलंबित आहे. टाइम ऑफिसकडून ही यादी नावानिशी घ्या. पुढचा निम्मा घोळ याच यादीतून निघतो.

तपासा: करार थेट कंपनी आणि युनियनमध्ये झाला की सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर? आपल्या उदाहरणातला करार नोव्हेंबर २०२४ मधला, म्हणजे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या काळातला आहे. त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे समेटाच्या कामकाजात झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, मग ते सभासद असोत वा नसोत, आणि पुढे भरती होणाऱ्यांनाही. बाहेर परस्पर झालेला करार मात्र फक्त करार करणाऱ्या पक्षांना बांधतो. त्यामुळे सभासद नसलेल्यांकडून बऱ्याचदा वेगळं स्वीकारपत्र घेतलं जातं. तसं असेल तर ते गोषवाऱ्यात लिहा, नाही तर पाळीवर दोन गट पडतात आणि मध्ये सुपरवायझर सापडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यानंतरच्या करारासाठी हा मुद्दा औद्योगिक संबंध संहितेवरून बघा.

## टप्पा २: तारखा वेगळ्या काढा

करार एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि फक्त तारखांखाली रेघ मारा. आकड्यांकडे बघू नका. आपल्या उदाहरणात या तारखा निघतात:

- सही: १८ नोव्हेंबर २०२४.
- मुदत: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२७.
- वाढीचा पहिला हप्ता १ एप्रिल २०२४, दुसरा १ एप्रिल २०२५, तिसरा १ एप्रिल २०२६.
- शिफ्ट भत्ता: "सहीनंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून", म्हणजे १ डिसेंबर २०२४.
- सेवाकाल मोजण्याची तारीख: ३१ मार्च २०२४.
- नव्या दराचा पहिला पगार: नोव्हेंबर २०२४ चा.
- फरकाची रक्कम जमा करणं: ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत.
- गणपतीची उचल १०,००० वरून १५,०००: "पुढील सणापासून".

आता या तारखांचे तीन ढीग करा. काही तारखा हक्क सुरू होण्याच्या आहेत, काही मोजणीच्या, काही पैसे हातात पडण्याच्या. ३१ मार्च २०२४ ला कोणाला काहीच मिळत नाही, त्या दिवशी फक्त सेवा किती वर्षं झाली ते मोजायचं आहे. ३१ डिसेंबरला कोणताही नवा हक्क सुरू होत नाही, जुना हक्क खात्यात पडतो. हे तीन ढीग एका रकान्यात कोंबले की "वाढ डिसेंबरपासून आहे" असं कोणी तरी बोलून जातो आणि दुपारपर्यंत युनियनचा प्रतिनिधी केबिनमध्ये येऊन बसतो.

सावधान: मोघम शब्दांत लिहिलेली तारीख नेहमी कॅलेंडरच्या तारखेत उतरवा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, करार नोव्हेंबरचा. म्हणजे वाढीव उचल २०२५ च्या गणपतीला. आणि उचल ही पगारातून परत कापली जाणारी रक्कम आहे. ती वाढीच्या तक्त्यात घालू नका, खाली वेगळी लिहा.

"३१ मार्च २०२७ ला करार संपला की वाढीव पगार बंद होणार का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. करार झाला तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत संपल्यावरही, कोणी एकाने करार संपवल्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत करार बंधनकारक राहत असे. आता हा मुद्दाही औद्योगिक संबंध संहितेवरून बघा. गोषवाऱ्यात एक ओळ पुरे: "मुदत संपली तरी पगार मागे जात नाही."

## टप्पा ३: माणसं ठरवा

पात्रतेचं कलम शब्दशः उतरवा. आपल्या करारात ते असं आहे: "सहीच्या तारखेस मस्टरवर असलेले, परिशिष्ट अ मध्ये नमूद कायम कामगार." याखाली दोन पोटकलमं आहेत. १ एप्रिल २०२४ नंतर कायम झालेल्यांना कायम झाल्याच्या तारखेपासून लाभ. निवृत्त झालेल्यांना आणि मृत कामगारांच्या वारसांना शेवटच्या दिवसापर्यंतचा फरक.

हे वाचून "सर्व कायम कामगार" असा सारांश करणं हीच नेहमीची चूक. कलमाचं भाषांतर करत बसू नका. टप्पा १ मधली मस्टर-बदलांची यादी घ्या आणि एकेका माणसाला कलमातून चालवून बघा.

१ ऑगस्ट २०२४ ला कायम झालेला हेल्पर: पात्र, पण ऑगस्टपासून. एप्रिल ते जुलैचा फरक नाही.

३० जून २०२४ ला राजीनामा दिलेला फिटर: सहीच्या दिवशी मस्टरवर नाही आणि निवृत्तही झालेला नाही. अपात्र. तो फोन करतोच. त्याचं उत्तर सुपरवायझरने देऊ नये, ऑफिसकडे पाठवावं.

३१ जुलै २०२४ ला निवृत्त झालेला ऑपरेटर, सेवा २८ वर्षं: चार महिन्यांचा फरक मिळेल. गोषवाऱ्यातून नेहमी निसटते ती त्याची ग्रॅच्युइटी. तो निवृत्त झाला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जात होती: पंधरा भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षं. त्याचा मूळ पगार मागील तारखेपासून १,५०० ने वाढला, तर ग्रॅच्युइटीत सुमारे २४,२३१ रुपयांचा फरक पडतो. चार महिन्यांचा पगाराचा फरक याच्या निम्म्याच्या आसपास येतो. निवृत्त माणूस ऑफिसात फेऱ्या मारत नाही, तो जुन्या सुपरवायझरलाच बाजारात गाठतो. म्हणून ही ओळ कागदावर हवीच.

१ सप्टेंबर २०२४ ला सुपरवायझर झालेला ऑपरेटर: एप्रिल ते ऑगस्ट तो कामगार होता, पण सहीच्या दिवशी कामगारांच्या मस्टरवर नव्हता. तो निवृत्तही नाही. करार त्याच्याबद्दल काहीच म्हणत नाही.

अशा ठिकाणी मनाने उत्तर भरायचं नाही. "कराराचा हेतू तसाच असणार" हे वाक्य तुमच्या डोक्यात आलं, तर ती जागा शंकांच्या यादीत टाका. यादी एचआर प्रमुखाकडे जाते, तो युनियनशी बोलून लेखी उत्तर देतो आणि तोपर्यंत कागदावर "निर्णय बाकी" असं लिहिलेलं राहतं.

दुसरी अशीच जागा सेवाकालाची. करारात लिहिलंय: ५ ते १० वर्षं १०० रुपये, १० ते १५ वर्षं २०० रुपये, १५ च्या वर ३०० रुपये. १ एप्रिल २०१४ ला रुजू झालेल्याची ३१ मार्च २०२४ ला बरोबर दहा वर्षं भरतात. तो कुठल्या ओळीत? बॅचमध्ये भरती झालेली असली तर असे एकाच तारखेचे डझनभर लोक निघतात. यादीत टाका.

तपासा: ट्रेनी, अॅप्रेंटिस आणि कंत्राटी कामगार यांची नावं "लागू नाही" म्हणून स्पष्ट लिहिली आहेत का? गप्प राहिलात तर अर्थ आपापल्या सोयीने लावला जातो. सुपरवायझर स्वतःही या करारात नाहीत, हेही एका ओळीत लिहून टाका. तो प्रश्न त्यांच्या मनात असतोच, विचारत नाहीत इतकंच.

## टप्पा ४: आता रुपये

एकूण वाढ ६,००० आहे, पण ती तीन हप्त्यांत: ३,०००, १,५०० आणि १,५००. सुपरवायझरच्या कागदावर फक्त चालू हप्त्याचा तक्ता द्या. तिन्ही हप्ते शेजारी शेजारी छापले की लोक बेरीज करून मोकळे होतात.

| घटक | दरमहा बदल | कधीपासून | टीप |
|---|---|---|---|
| मूळ पगार | + १,२०० | १ एप्रिल २०२४ | पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम वाढतो |
| सेवाकाल वाढ | + १०० / २०० / ३०० | १ एप्रिल २०२४ | मूळ पगारातच मिळते. ५ वर्षांखाली नाही |
| घरभाडे भत्ता | + ९०० | १ एप्रिल २०२४ | |
| वाहतूक भत्ता | + ५०० | १ एप्रिल २०२४ | |
| शिक्षण भत्ता | + ४०० | १ एप्रिल २०२४ | |
| महागाई भत्ता | बदल नाही | | जुनंच सूत्र |
| रात्रपाळी भत्ता | ४० ऐवजी ६० | १ डिसेंबर २०२४ | हजर पाळीमागे. फरक नाही |

दोन ओळींवर जरा थांबू. "बदल नाही" ही ओळ गाळण्याचा मोह होतो, पण तीच सर्वांत कामाची आहे. महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे आपोआप खालीवर होतो. करारानंतरच्या स्लिपमध्ये तो दोनशे रुपयांनी कमी दिसला, की "एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं" अशी बोंब उठते. कागदावर ही ओळ असली तर सुपरवायझर तिच्यावर बोट ठेवू शकतो.

रात्रपाळी भत्ता दरमहा नसून पाळीमागे आहे, तोही हजर असलेल्या. म्हणून त्याचा आकडा वरच्या ३,००० मध्ये मिसळायचा नाही आणि एप्रिलपासून मोजायचा नाही.

सावधान: "भत्त्यांवर पीएफ नाही" असं सरसकट लिहू नका. सर्वांना सारखे मिळणारे भत्ते पीएफच्या हिशेबात धरावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. घरभाडे भत्ता कायद्यानेच वगळलेला आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या खाली असलेल्यांच्या बाबतीत हा मुद्दा जिवंत होतो. तिथे फक्त "पीएफ: पेरोलप्रमाणे" लिहा.

करारात "एकूण लाभ" म्हणून एखादा मोठा आकडा दिसला, तर त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कॅन्टीनचा खर्च असं सगळं धरलेलं असू शकतं. तो आकडा दोन्ही बाजूंच्या भाषणांसाठी असतो. सुपरवायझरच्या कागदावर त्याला जागा नाही.

## टप्पा ५: एक माणूस पूर्ण सोडवून दाखवा

तक्ता वाचून कोणालाच नीट कळत नाही. एक नमुना हिशेब जोडा, आणि तो मुद्दाम थोड्या गुंतागुंतीच्या माणसाचा घ्या.

ऑपरेटर, १२ जून २०१३ ला कायम. ३१ मार्च २०२४ ला सेवा दहा वर्षं नऊ महिने, म्हणजे सेवाकाल वाढ २००. गणपतीत गावी गेला, परतीला रजा उरली नाही आणि सप्टेंबरमध्ये सहा दिवस बिनपगारी झाले. दिवाळीआधी कंपनीने सगळ्यांना ५,००० रुपये "फरकापोटी आगाऊ" दिले होते, ते यानेही घेतले. पीएफ मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर पूर्ण कापला जातो.

त्याच्या मनातला आकडा आहे ४८,०००. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, गुणिले ६,०००.

१. दरमहा वाढ: ३,००० अधिक २०० = ३,२००. बाकीचे ३,००० पुढच्या दोन वर्षांत.

२. महिने: नोव्हेंबरचा पगार नव्या दरानेच निघाला, म्हणून फरक एप्रिल ते ऑक्टोबर, सात महिन्यांचा. ३,२०० गुणिले ७ = २२,४००.

३. बिनपगारी: सप्टेंबरचे ३० पैकी ६ दिवस. ३,२०० चा पाचवा भाग = ६४० वजा. उरले २१,७६०. (तुमच्याकडे दिवस २६ ने भागत असतील तर तोच भाजक वापरा.)

४. पीएफ: मूळ पगारातली वाढ १,४०० दरमहा. सात महिन्यांचे ९,८००, त्यातून बिनपगारीचे २८० वजा, राहिले ९,५२०. त्याचे १२ टक्के = सुमारे १,१४२. उरले २०,६१८.

५. दिवाळीची आगाऊ रक्कम ५,००० वजा. हातात १५,६१८.

४८,००० ची वाट बघणाऱ्याच्या खात्यात १५,६१८ पडले की तो भांडणारच. हिशेब पैसे पडण्याआधी दाखवला तर निदान भांडण आकड्यावर होतं, माणसावर होत नाही. या काळात ओव्हरटाइम केला असेल तर वाढीव दराने त्याचाही फरक निघतो. तो तासांवर असल्याने प्रत्येकाचा वेगळा. नमुन्याखाली "ओव्हरटाइमचा फरक स्वतंत्र" एवढी ओळ द्या. आयकर कापला जात असेल तर तोही पेरोलचा विषय.

तपासा: हाच हिशेब पेरोलच्या माणसाकडून सिस्टीममध्ये करून घ्या. एका रुपयाचा फरक गोळाबेरजेचा असू शकतो. शंभराचा असेल तर तुमची एखादी तारीख किंवा भाजक चुकला आहे. कागद बाहेर जाऊ देऊ नका.

## टप्पा ६: कागद तयार करा आणि वाचून घ्या

सुपरवायझरच्या हातात दोन पानं जावीत, जास्त नकोत. पुढच्या पानावर वरून खाली: सहीची तारीख आणि मुदत, कोण पात्र, कोण नाही, चालू हप्त्याचा तक्ता, पैसे कधी जमा होणार. मागच्या पानावर नमुना हिशेब, "निर्णय बाकी" असलेल्या जागा, आणि कोणता प्रश्न कोणाकडे पाठवायचा. प्रत्येक ओळीपुढे मूळ कराराचा कलम क्रमांक घाला. तो नसला तर शंका आल्यावर पुन्हा वीस पानं चाळावी लागतात. तळाशी लिहा: "मतभेद झाल्यास मूळ करार ग्राह्य."

प्रत्येक वाक्य पूर्ण आहे ना, ते बघा. "रात्रपाळी भत्ता ६० रुपये" हे अपुरं. "कायम कामगारांना, हजर असलेल्या प्रत्येक रात्रपाळीसाठी, १ डिसेंबर २०२४ पासून ६० रुपये (आधी ४०)" हे पुरं. कोण, काय, कधीपासून, आधी किती, यातलं एकही गळलं की ती ओळ परत लिहायची.

वाटण्याआधी रात्रपाळीच्या एखाद्या अनुभवी सुपरवायझरला बसवा, कराराच्या बैठकांना न गेलेल्या. त्याला तीन तोंडी प्रश्न विचारा: ऑगस्टला कायम झालेल्या हेल्परला किती महिन्यांचा फरक, वाढीव गणपती उचल कोणत्या वर्षी, राजीनामा दिलेल्या फिटरला काय सांगशील. उत्तरं त्याने कागदावर बोट ठेवून द्यायची. जिथे तो थबकतो, तिथे तुमची मांडणी चुकली आहे. तेवढा भाग बदला.

मग युनियनच्या एका पदाधिकाऱ्याला प्रत दाखवा. ही मंजुरी नव्हे, फक्त वाचन. पाळीवर दोन वेगवेगळे कागद फिरत राहण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त पडतो.

कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला. "निर्णय बाकी" जागांची लेखी उत्तरं आली की दुसरी आवृत्ती काढून पहिली परत गोळा करा. १ एप्रिल २०२५ ला दुसरा हप्ता लागू होतो: मूळ पगार ६००, घरभाडे ४५०, वाहतूक २५०, शिक्षण २००. तेव्हा जुन्या तक्त्यात पेनाने आकडे वाढवू नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवा कागद द्या, त्यात "आधी" या रकान्यात पहिल्या हप्त्यानंतरचे आकडे टाका आणि सूचना फलकावरची जुनी प्रत काढून घ्या.